नाव बदललं, खातं तिचंच आहे

माझ्या मावसबहिणीने लग्नानंतर आडनाव बदललं. तो तिचा निर्णय होता आणि तो बरोबर की चूक हा या लेखाचा विषय नाही. ती भाषांतराची कामं करते. ग्राहक तिला एका वेबसाइटवरच्या प्रोफाइलवरून शोधतात आणि कामाचे पैसेही त्याच वेबसाइटमार्फत तिच्या बँकेत येतात. बँकेने नवीन आडनाव चटकन लावून दिलं आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. पुढच्या कामाचे पैसे बँकेपर्यंत जाऊन परत आले, कारण पाठवताना प्रोफाइलवरचं जुनं नाव गेलं होतं आणि खातेदाराचं नाव आता वेगळं होतं.

मग तिने प्रोफाइलवरचं नाव बदलायला घेतलं. नवीन आडनाव टाइप केलं, बटण दाबलं, तर समोर ओळखपत्राचा फोटो मागणारी चौकट आली. हातात जुन्या नावाचा पासपोर्ट होता, तो तिने चढवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘कागदपत्रावरचं नाव जुळत नाही.’ ते बरोबरच होतं, जुळत नाही म्हणून तर ती बदलत होती. मग तिने विवाहाचा दाखला पाठवला, ज्यावर दोन्ही नावं आहेत. उत्तर आलं, ‘या प्रकारचा कागद स्वीकारला जात नाही.’ चौकटीत एकच फाइल मावत होती, म्हणून तिने टेबलावर पासपोर्ट आणि दाखला शेजारी शेजारी ठेवून दोन्हींचा एक फोटो काढला. त्यावर ‘प्रतिमा अस्पष्ट आहे’ असा शेरा आला आणि तीन प्रयत्न संपल्यामुळे फॉर्म बंद झाला.

काही आठवड्यांनी नवीन नावाचा पासपोर्ट आला आणि फॉर्मही पुन्हा उघडला. आता तरी काम होईल असं आम्हा दोघींना वाटलं. तिने नवा पासपोर्ट चढवला आणि पुन्हा तेच उत्तर, ‘नाव जुळत नाही.’ या वेळी प्रणाली पासपोर्टवरचं नवीन नाव प्रोफाइलवर त्या क्षणी असलेल्या जुन्या नावाशी ताडून पाहत होती. म्हणजे पहिल्या खेपेला तिने मागितलेल्या नावाशी तुलना झाली आणि दुसऱ्या खेपेला असलेल्या नावाशी. तिच्याकडे जगातला कुठलाही खरा कागद असता तरी दोन्ही दारं बंदच राहिली असती.

ओळख-पडताळणीच्या सॉफ्टवेअरवर मी काही वर्षं काम केलं आहे, त्यामुळे तिला आलेलं प्रत्येक उत्तर कुठून आलं असेल याचा मला अंदाज होता. त्यातलं एकही माणसाने दिलेलं नव्हतं. आणि प्रत्येक उत्तर त्या त्या पायरीपुरतं बरोबर होतं, हेच मला सगळ्यात जास्त खटकतं. चूक पायऱ्यांमध्ये नव्हती. तिला विचारलेला प्रश्नच चुकला होता. तिला विचारलं जात होतं, ‘हे नाव या कागदावर आहे का?’ विचारायला हवं होतं, ‘कालपर्यंत हे खातं जिचं होतं, तीच बाई आज नाव बदलते आहे का?’ माझं म्हणणं असं, की नावबदलाच्या वेळी प्लॅटफॉर्मने हा दुसरा प्रश्न आधी विचारावा. बहुतेक वेळा त्याचं उत्तर कागदाशिवाय मिळतं, आणि कागद लागलाच तर एक कागद मागून भागत नाही.

हे का, ते समजायला मशीन कागद कसा वाचतं ते जवळून पाहू. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, मोठी अक्षरं, आकडे आणि < अशा खुणांनी भरलेल्या. त्यांची रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 9303 क्रमांकाच्या दस्तऐवजात ठरवून दिली आहे, म्हणून कुठल्याही देशाचा पासपोर्ट कुठल्याही विमानतळावर वाचता येतो. त्याच दस्तऐवजात उटोपिया नावाच्या काल्पनिक देशाच्या नागरिक ॲना मारिया एरिक्सन यांचा नमुना दिला आहे. तोच इथे घेते.

```
P<UTOERIKSSON<<ANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
L898902C36UTO7408122F1204159ZE184226B<<<<<10
```

दोन्ही ओळी प्रत्येकी 44 जागांच्या आहेत. वरच्या ओळीत आधी P, मग देशाचा संकेत UTO, मग आडनाव, दोन खुणा आणि नंतर व्यक्तीची नावं. नावासाठी एकूण 39 जागा मिळतात, लांबलचक नाव असेल तर ते कापलं जातं. खालच्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक, देश, जन्मतारीख, लिंग आणि मुदत. जन्मतारीख 740812, म्हणजे 12 ऑगस्ट 1974. तिच्यापुढे जो 2 आहे तो तपासणीचा अंक. तारखेच्या सहा आकड्यांना ओळीने 7, 3, 1, 7, 3, 1 ने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि 10 ने भागून बाकी घ्यायची. 49, 12, 0, 56, 3 आणि 2 मिळून 122, बाकी 2. कॅमेऱ्याने तारखेतला एखादा आकडा चुकीचा वाचला तर ही बाकी जुळत नाही आणि मशीनला आपली चूक कळते. पासपोर्टच्या क्रमांकाला आणि मुदतीलाही असाच अंक आहे, आणि शेवटचा अंक खालच्या ओळीतल्या महत्त्वाच्या भागांवर मिळून पुन्हा एकदा पहारा करतो.

वरच्या ओळीला असा एकही अंक नाही. नाव हा या दोन ओळींमधला सगळ्यात उघडा भाग आहे. ERIKSSON मधला एक S कॅमेऱ्याने गाळला तरी खालचे सगळे अंक ‘ठीक आहे’ असंच सांगतात. ज्या गोष्टीची पुनर्तपासणी मशीन या ओळींवरून करूच शकत नाही, तिच्याच आधारावर ते माणसाला आत घेतं किंवा बाहेर ठेवतं.

आता समजा ॲनाबाईंनी लग्नानंतर लिंडग्रेन हे आडनाव घेतलं आणि नवा पासपोर्ट काढला. वरची ओळ अशी होईल:

```
P<UTOLINDGREN<<ANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

दोन्ही आडनावं आठ अक्षरांची, पण शेवटच्या N खेरीज जागच्या जागी काहीच सारखं नाही. खालच्या ओळीत क्रमांक आणि मुदत नवीन आली. कायम राहिलं ते देश, जन्मतारीख आणि लिंग, पासपोर्टच्या छापील भागातलं जन्मस्थान, आणि फोटोतला चेहरा. फक्त नावाकडे पाहणाऱ्या प्रणालीला या दोन अनोळखी बायका वाटतील. उरलेल्या गोष्टींकडे पाहणाऱ्या कुणालाही ही एकच बाई दिसेल, आणि मधला दुवा म्हणून विवाहाचा दाखला दाखवला की शंकेला जागा उरत नाही. पण त्या दाखल्यावर अशा दोन ओळी नसतात, बहुतेकदा फोटोही नसतो, आणि त्याची मांडणी देशागणिक, कधी कधी कचेरीगणिक वेगळी असते. म्हणून मशीन त्याला हातच लावत नाही. न्यायालयाच्या नावबदलाच्या आदेशाचंही तेच. जो कागद जुन्या आणि नव्या नावाला जोडतो, नेमका तोच मशीनच्या वाचनात बसत नाही.

मराठी माणसाला यात आणखी एक अडचण येते. या ओळींमध्ये फक्त रोमन लिपीतली A ते Z अक्षरं चालतात. प्रोफाइलवर कुणी देवनागरीत नाव लिहिलं असेल तर तुलनेच्या आधी त्याचं लिप्यंतर करावं लागतं, आणि लिप्यंतराला एकच उत्तर नसतं. नावं किती जवळची आहेत हे मोजायची एक रूढ पद्धत अशी, की एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं. दीक्षित हे आडनाव कुणी Dixit लिहितं, कुणी Dikshit. एकाचं दुसरं करायला तीन बदल लागतात. Patil चं Patel करायला एकच बदल पुरतो. म्हणजे या मोजपट्टीवर दोन दीक्षित एकमेकांपासून लांब आणि पाटील-पटेल जवळचे ठरतात. आपल्यातलं शाळकरी पोरही ही चूक करणार नाही. बदलांची मर्यादा कडक ठेवली तर खरे दीक्षित अडतात, सैल ठेवली तर भलताच पटेल आत शिरतो. मर्यादा कुठे ठेवायची यावर आमच्या टीममध्ये तासन् तास वाद झालेले मला आठवतात, आणि कुठलाही आकडा सगळ्या भाषांना पुरला नाही. लग्नानंतरच्या नावबदलात तर ही मोजपट्टी मुळातच गैरलागू आहे, कारण तिथे नाव जवळचं नसणार हे आधीच ठरलेलं असतं.

आता दुसरी बाजू. प्लॅटफॉर्म चालवणारे म्हणतात, नाव बदलणं मोकळं सोडलं तर चोरांचं फावेल. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण तो खरा आहे. जुनं, विश्वास कमावलेलं खातं चोरायचं, त्याचं नाव आणि फोटो बदलायचा आणि त्या विश्वासावर लोकांना लुबाडायचं हा जुना धंदा आहे. एखाद्याच्या नावाने बोगस प्रोफाइल उभं करणारेही असतात. म्हणूनच फेसबुकवर एकदा नाव बदललं की पुढचे 60 दिवस पुन्हा बदलता येत नाही, आणि इन्स्टाग्रामवर 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं. एक्सवर नाव किंवा फोटो बदलला की निळी खूण काही काळ जाते आणि खातं पुन्हा तपासल्यावर परत येते. अशी थांबण्याची सक्ती मला योग्य वाटते. तिचा त्रास एवढाच, की नवीन आडनाव टाइप करताना एक अक्षर चुकलं तर ती चूकही साठ दिवस कपाळी राहते. त्यासाठी पहिल्या दोन दिवसांत दुरुस्तीची एक मुभा दिली तरी पुरेल.

पण चोराच्या मुद्द्याचा शेवटपर्यंत विचार केला तर तो माझ्याच बाजूने येतो. चोर कसा ओळखू येतो? नावावरून नाही. तो नवीन उपकरणावरून, नवीन ठिकाणाहून आत येतो. आल्या आल्या पासवर्ड बदलतो, मग ईमेल, मग फोन नंबर, आणि खऱ्या मालकाला परत येता येऊ नये म्हणून जुने मार्ग बंद करतो. नाव आणि फोटो त्यानंतर. लग्न झालेली बाई यातलं काय करते? ती त्याच फोनवरून, त्याच ईमेलवर, तोच पासवर्ड टाकून येते आणि फक्त आडनाव बदलते. या दोन हालचाली इतक्या वेगळ्या दिसतात की प्लॅटफॉर्मच्या नोंदी पाहणाऱ्याला फरक सांगावा लागत नाही. खातं किती वर्षांचं आहे, कुठल्या उपकरणांवरून उघडतं, पासवर्डनंतर लागणारा दुसऱ्या टप्प्याचा संकेत कुठल्या फोनवर जातो, हे सगळं प्लॅटफॉर्मकडे आधीपासून आहे. माझ्या बहिणीचं खातं सात वर्षांचं होतं आणि एकाच लॅपटॉपवरून चालत होतं. ‘ही तीच आहे का’ याचा पुरावा त्यांच्याच संगणकात पडला होता आणि ते तिच्याकडे पासपोर्टचा फोटो मागत होते. बरं, पासपोर्टचा फोटो चोराकडेही असू शकतो. चोरीच्या ओळखपत्रांचे फोटो विकले जातात, ही पडताळणीच्या धंद्यात रोजची डोकेदुखी आहे.

म्हणून क्रम उलटा हवा. नाव बदलायची विनंती आली की आधी पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा संकेत मागा. मग जुन्या ईमेलवर आणि फोनवर कळवा, की अमुक नाव तमुक होणार आहे, तुम्ही हे केलं नसेल तर इथे थांबवा. दोन-तीन दिवस वाट पाहा. त्या काळात ईमेल किंवा फोन बदलला तर विनंती आपोआप गोठू द्या. कुणी हरकत घेतली नाही तर नाव बदला आणि पुढचे काही आठवडे परत फिरवायची सोय ठेवा. चोराला वाट पाहणं परवडत नाही, कारण तेवढ्यात खरा मालक जागा होतो. जिचं नाव खरंच बदललं आहे तिला तीन दिवसांनी काही फरक पडत नाही. याला बाहेरचा कुठलाही कागद लागत नाही.

जिथे पैसे देवाणघेवाणीत येतात तिथे मी वेगळं म्हणेन. पैसे ज्याला पोचतात त्याचं कायदेशीर नाव माहीत असणं ही आर्थिक व्यवहार करणाऱ्या कंपन्यांची कायदेशीर जबाबदारी असते आणि ती टाळता येत नाही. पण तिथेही दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. लोकांना दिसणारं नाव वेगळ्या रकान्यात, पैसे घेणाऱ्याचं कायदेशीर नाव वेगळ्या. बहिणीच्या वेबसाइटने दोन्हींसाठी एकच रकाना ठेवला होता, म्हणून बँकेतल्या बदलाने तिची लोकांसमोरची ओळखही अडकली. शिवाय अनेक जणी कामात जुनंच आडनाव चालू ठेवतात, कारण त्या नावावर त्यांचं काम उभं असतं. एकच रकाना असला की त्यांना कायद्याचं नाव किंवा कमावलेलं नाव यातलं एक सोडावं लागतं.

आणि कागद मागायचाच असेल तर तो साखळीने मागा. जुन्या नावाचं ओळखपत्र, जोडणारा दाखला किंवा आदेश, नवीन नावाचं ओळखपत्र, अशा तीन वेगळ्या जागा. प्रत्येक कागदाचा फोटो स्वतंत्र, म्हणजे तो अस्पष्ट होत नाही. पहिल्याची तुलना प्रोफाइलवर आत्ता असलेल्या नावाशी, तिसऱ्याची मागितलेल्या नावाशी, आणि मधला दाखला माणसाने वाचायचा. मधल्या पायरीला माणूस ठेवण्याचा खर्च येतो हे मला माहीत आहे. पण एकाच बाईचे चार चार नाकारलेले अर्ज आणि नंतरची तक्रारींची पत्रं वाचायलाही शेवटी कुणीतरी पगारी माणूसच बसवावा लागतो.

कायदेशीर नावाचा आग्रह मोठ्या कंपन्यांनीही एकदा धरून पाहिला आहे. गूगल प्लस हे गूगलचं समाजमाध्यम 2011 साली सुरू झालं तेव्हा खऱ्या नावाची सक्ती होती, लोकांची खाती बंद होत होती. जुलै 2014 मध्ये गूगलने ती सक्ती काढून टाकली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ड्रॅग कलाकारांची, म्हणजे बहुधा स्त्रीवेशात रंगमंचावर येणाऱ्या कलाकारांची, फेसबुक खाती नावावरून बंद झाली, मोठा निषेध झाला आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर माफी मागितली. 2015 च्या अखेरीला फेसबुकने कार्यपद्धतीत बदल केले आणि अडलेल्या माणसाला आपली विशेष परिस्थिती सांगण्याची जागा दिली. आज फेसबुकची अपेक्षा अशी, की लोक तुम्हाला रोज ज्या नावाने ओळखतात ते नाव असावं, आणि पुरावा म्हणून सरकारी ओळखपत्राखेरीज इतर काही कागदही चालतात. एवढ्या मोठ्या व्यवस्थेला ‘कायद्यातलं नाव’ सोडून ‘रोजचं नाव’ धरता येतं, तर कामं मिळवून देणाऱ्या छोट्या वेबसाइटला का जमू नये, हे मला कळत नाही.

गोळा केलेल्या कागदांचं पुढे काय होतं, याचीही मला काळजी आहे. दक्षिण कोरियाने 2007 साली मोठ्या वेबसाइटवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख तपासणं बंधनकारक केलं. 2011 मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि ऑगस्ट 2012 मध्ये घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला. अलीकडे, ऑक्टोबर 2025 मध्ये, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने सांगितलं की त्यांच्या ग्राहकसेवेच्या एका बाहेरच्या पुरवठादाराकडून सुमारे 70,000 लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असू शकतात. ते फोटो आपल्या वयाबद्दल ॲपने दिलेल्या निर्णयाविरुद्ध अपील करणाऱ्यांनी पाठवले होते. म्हणजे मशीनने अडवलेल्या माणसांनी, आपलं म्हणणं पटवून द्यायला. माझ्या बहिणीने जसे एकामागून एक चार फोटो पाठवले, अगदी तसेच. नाकारलेल्या फोटोंचं काय होतं, ते किती दिवस ठेवतात, हे तिला कुणी सांगितलं नाही. ज्या प्लॅटफॉर्मला कागद नाकारायचा आहे त्याने तो त्याच दिवशी पुसायला हवा आणि पुसल्याचं कळवायला हवं.

हे सगळं बदलेपर्यंत, ज्यांना आत्ता नाव बदलायचं आहे त्यांनी काय करावं? आधी जुन्या नावानेच प्रोफाइलमधला ईमेल आणि फोन चालू आहे ना ते बघा आणि दुसऱ्या टप्प्याची सुरक्षा लावून ठेवा. नाव, फोटो, फोन आणि पासवर्ड एकाच दिवशी बदलू नका, कारण हीच चोराची चाल आहे आणि प्रणाली तुम्हाला चोर समजेल. नवीन ओळखपत्र हातात येईपर्यंत, पैसे येणाऱ्या बँक खात्यातलं नाव शक्य असेल तर बदलू नका. जुनं ओळखपत्र नव्यासाठी जमा करण्याआधी त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, साखळीतला तो पहिला दुवा आहे आणि नंतर मिळत नाही. आणि नाव जुळत नाही असं उत्तर आलं तर लगेच पुन्हा प्रयत्न करू नका. कुठल्या नावाशी तुलना झाली ते आधी शोधा, असलेल्या की मागितलेल्या. प्रयत्न मोजके असतात.

माझ्या बहिणीचा प्रश्न शेवटी सुटला तो अडलेल्या पैशांमुळे. नावाच्या विभागाकडून आपोआप उत्तरं येत राहिली, म्हणून तिने पैसे वळते करणाऱ्या विभागाला पत्र लिहिलं, तिन्ही कागद वेगवेगळे जोडले आणि वर चार ओळींत सांगितलं, की हे जुनं नाव, हे नवं, आणि हा दोघांना जोडणारा दाखला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका माणसाचं उत्तर आलं, त्याच्या नावासकट. त्याने दाखला वाचला होता. दुपारपर्यंत नाव बदललं आणि त्या आठवड्यात अडलेले पैसे आले.

पण प्रोफाइलचा पत्ता, म्हणजे ब्राउझरमध्ये वर दिसणारा दुवा, जुन्याच आडनावाचा राहिला. जुन्या ग्राहकांच्या अभिप्रायांमध्येही जुनं आडनाव आहे. तिला त्याचं काही वाटत नाही. उलट जुने ग्राहक सापडतात म्हणून ते राहू दे, असं ती म्हणते. पण माझ्या ओळखीत एक बाई आहे जिने मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटका करून घेऊन नाव बदललं, आणि एक तरुण आहे ज्याने लिंगबदलानंतर बदललं. दोघांनाही जुनं नाव शोधणाऱ्याला आपलं नवं नाव सापडणं परवडणारं नाही. ‘पूर्वीचं नाव’ दाखवायचं की नाही, दाखवलं तर कुणाला, हा पर्याय लिंक्डइनवर आहे. माझ्या बहिणीच्या वेबसाइटवर नाही. नाव बदलल्याचं कळवणारा जो निरोप तिच्या सगळ्या ग्राहकांना आपोआप गेला, त्यात दोन्ही नावं शेजारी शेजारी होती आणि तो पाठवू का, असं तिला आधी कुणी विचारलं नव्हतं. मी त्या माणसाला, ज्याने दाखला वाचला होता, हे लिहून कळवलं आहे.